ताईच्या चेहऱ्यावरचे वण

माझ्या वडिलांचा मुलुंडला फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पुढे एक खोली, मागे अंधारी खोली आणि वर आमचं बिऱ्हाड. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. मुलुंडमध्ये भाताची शेतं होती, आणि लग्नाचे फोटो काढायला भांडुप-ठाण्याकडूनही लोक आमच्याकडे यायचे. लग्नाचे म्हणजे लग्नातले नव्हे, लग्न जमवायचे. मुलगी बसवायची, गुडघ्यापर्यंतचा फोटो काढायचा आणि त्याच्या चार-सहा प्रती स्थळांकडे धाडायच्या.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. रिटचिंगचं, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीने भरायचं, बारीक काम त्यांना दिसेनासं झालं, म्हणून ते माझ्याकडे आलं. खिडकीपाशी एक उतरतं मेज होतं. त्याच्या मधोमध दुधी काच, खाली आरसा. आरसा खिडकीचा उजेड वर फेकायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्हची प्लेट उजळायची. प्लेटला आधी पातळ वार्निशाचा हात द्यायचा, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिल काचकागदावर घासून सुईसारखी करायची. मग बारीक, स्वल्पविरामासारख्या रेघोट्या.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा खड्डा छायाचित्रात काळा दिसतो, तो प्लेटवर पारदर्शक असतो. तिथे पेन्सिल भरली की प्रकाश अडतो आणि कागदावर ती जागा उजळ उतरते. खड्डा गेला. खड्ड्याची उजळ कड मात्र पेन्सिलीने जात नाही, ती पात्याने हलकेच खरवडावी लागते, आणि तिथे हात चुकला तर प्लेट गेली. हे मी सहा महिन्यांत शिकले. बाबा म्हणायचे की तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

त्यांचा एक नियम होता. फोड, रात्रीच्या जागरणाची डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उडालेली बट, असं जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे ते काढायचं. तीळ, देवीचे वण, तिरळा डोळा, रंग, असं जे माणसाबरोबर सरणावर जाणार आहे त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही अजिजी करो. पुष्कळ गिऱ्हाइकं त्यामुळे स्टेशनसमोरच्या दुसऱ्या स्टुडिओत जायची. तिथे सगळ्याच मुली एकसारख्या गुळगुळीत निघायच्या.

माझ्या ताईला लहानपणी देवी आल्या होत्या. ती वाचली. चेहरा गेला, असं आई म्हणायची, तिच्यासमोरही. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर खोल वण होते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सव्वीस पूर्ण झाली होती. तिचे फोटो बाबांनी स्वतः काढलेले आणि एकही रेघ न मारता छापलेले. ते जायचे आणि परत यायचे. पाकिटावरचं अक्षर बघूनच ताई ओळखायची. कोणी कारण लिहीत नसे. कोणी मुलीला बघायलाही येत नसे.

त्याच सुमारास घाटकोपरच्या एका घराने मला मागणी घातली. मुलगा बँकेत होता. त्यांनी मला कुठल्याशा हळदीकुंकवात पाहिलं होतं. पण थोरली घरात असताना धाकटीचं कसं करणार? आईने त्यांच्याकडून वर्षाची मुदत मागून घेतली.

एका दुपारी बाबा वामकुक्षी घेत असताना आई ताईची प्लेट घेऊन माझ्या मेजाशी आली आणि म्हणाली की एवढं करच. मी बाबांचा नियम सांगितला. ती म्हणाली, "नियम? सावळी मुलगी आली की तुझे बाबा तिच्यामागे काळा पडदा लावतात, ते कशाला? चेहरा उजळ दिसावा म्हणूनच ना? पांढरी साडी नेसून आली तर बदलून यायला सांगतात. एका बाजूचे दात पुढे असले की दुसरी बाजू कॅमेऱ्याकडे फिरवतात. ती फसवणूक नाही आणि ही फसवणूक?"

पडदा खरा असतो, चेहऱ्यावरचा उजेडही खरा असतो, प्लेटवर जे उतरतं ते त्या क्षणी खरोखर समोर असतं. आणि मी जे पेन्सिलीने भरते ते कधीच नसतं. हा फरक मला आज सांगता येतो. त्या दुपारी मला घाटकोपर दिसत होतं. ते आज कसं नाकारू? आईच्या बोलण्यात मला माझी सोय सापडली, आणि मी ती घेतली.

पाच दुपारी मी ताईचा चेहरा भरत होते. एकेक वण, एकेक कड. काम सुरेख झालं, हे लिहायलाही आज लाज वाटते. छापही मीच काढला. ताईला दाखवला तेव्हा तिने तो बराच वेळ हातात धरला आणि मग आईकडे दिला.

फोटो अंधेरीच्या एका घरी गेला आणि आठ दिवसांत होकार आला. मुलगी बघायला येतो. बाबांना इतका आनंद झाला की आपल्या मूळ फोटोलाच होकार आलाय असं धरून ते चालले. आईने आणि मी त्यांना तसंच धरू दिलं.

अंधेरीचे चौघे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि थोरला भाऊ. भाऊ एका छापखान्यात फोटो छापायचे ब्लॉक, म्हणजे धातूचे ठसे, बनवायच्या खात्यात होता, हे आम्हाला नंतर कळलं. ताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मुलाने एकदा वर पाहिलं आणि मग तो पायांखालच्या जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या आईने ताईला नाव, शिक्षण, स्वयंपाक असलं काहीही विचारलं नाही. बशा तशाच राहिल्या.

थोरल्या भावाने खिशातून फोटो काढला आणि बाबांच्या पुढे ठेवला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "हे काम तुमच्या स्टुडिओतलं का?"

बाबांना फोटो नीट दिसेना. त्यांनी भिंग मागितलं. मी ते आणून दिलं. भाऊ समजावून सांगत होता, एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसा. नाकाची सावली गालावर पडते, तिथे कातडीचा पोत दिसायला हवा. इथे सावलीसुद्धा पीठ चाळल्यासारखी सपाट आहे. ओठांवरच्या चिरा दिसतात, गळ्याची घडी दिसते, आणि मध्ये गालावर मात्र काहीच नाही. भिंगातून बघा, बारीक किडे वळवळल्यासारख्या रेघोट्या आहेत. मग त्याने ताईच्या मांडीवरच्या हातावर बोट ठेवलं. फोटोतल्या.

"आणि हे राहिलं," तो म्हणाला. "हातावर देवीचे वण आणि चेहऱ्यावर एक नाही. मी घरी म्हणालो होतो. आई म्हणाली, छपाईतला डाग असेल, जाऊन बघू या."

हात माझ्या लक्षातच आला नव्हता. पाच दुपारी मी चेहऱ्याशिवाय दुसरीकडे बघितलंच नव्हतं.

बाबांनी भिंग खूप वेळ फोटोवर धरलं. माझ्या रेघोट्या त्यांनी ओळखल्या नसतील, हे शक्य नव्हतं. त्यांनीच मला त्या शिकवल्या होत्या. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "हो. माझंच काम आहे. माझी चूक झाली."

ते चौघे उठून गेले. जाताना मुलाची आई ताईला म्हणाली की तुझा ह्यात काही दोष नाही गं. ताईने मान हलवली. मग तिने बशा गोळा केल्या, पोहे परत पातेल्यात घातले आणि संध्याकाळी तेच आम्हाला वाढले. जेवताना ती एवढंच म्हणाली, "आधी फोटो परत यायचा. आता मीच परत आले."

बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मी दोनदा माफी मागायला गेले, तर ते कॅमेऱ्याचं कापड झटकत राहिले. आईशीही ते महिनाभर बोलले नसतील. अंधेरीची गोष्ट मात्र बोलली गेली. आमच्या पोटजातीची माणसं ती किती. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत सगळ्यांना कळलं की मुलुंडचा फोटोवाला स्वतःच्या मुलीचे वण पुसून स्थळं आणतो. ज्याच्याकडे लोक खरा फोटो मिळतो म्हणून यायचे, त्याच्याकडे त्यासाठी येणं बंद झालं. पासपोर्टचे तेवढे राहिले.

पुढे बाबांनी ताईचा नवा फोटो काढला. उजेड कडेने घेतला तर वण आहेत त्याहून खोल दिसले असते, आणि समोरून सपाट घेतला तर निम्मे नाहीसे झाले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. कोणाही मुलीला देत तसा उजेड दिला. काळा पडदाही काढून टाकला आणि मागे नुसती चुन्याची भिंत ठेवली. प्लेट मला हातही लावू दिली नाही.

तो फोटो चेंबूरच्या एका बिजवराकडे गेला. वय अडतीस, सरकारी कचेरीत कारकून, मूलबाळ नाही, आई कोकणात गावी. त्याचं पत्र आलं. मला ते शब्द अजून पाठ आहेत. आपल्या हाताखालून गेल्यावरही फोटोत एवढे वण उरले आहेत, तर प्रत्यक्षात किती असतील याचा अंदाज करवत नाही, क्षमा असावी.

मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते हसले असं मला वाटलं, पण ते हसणं नव्हतं. खोटा फोटो पाठवला तर पकडला गेला, आणि खरा पाठवला तर तोही कोणी खरा मानेना. त्यात निम्मा दोष स्टेशनसमोरच्या स्टुडिओचा आणि त्याच्यासारख्या शंभर जणांचा असेल. पण आमच्या घरापुरता तो माझा होता. लोक आता प्रत्येक फोटोत मनानेच वण वाढवून घेत होते.

बाबांनी प्लेट फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाले, चल चेंबूरला.

बिजवराच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती त्याने बाबांना दिली. बाबांनी प्लेट खिडकीसमोर धरली आणि मग तिरकी केली, म्हणजे उजेड काचेच्या आरपार न जाता वरून घसरेल. प्लेटवर पेन्सिल चालली असेल तर ती अशी तिरकी धरल्यावर शिशासारखी चमकते, आणि वार्निशाचा हात दिला असेल तर तेवढ्या भागावर वेगळी झिलई येते. पातं लागलं असेल तर ओरखडा दिसतो. बाबांनी हे सगळं त्याला सांगितलं. शेजारी दुसऱ्या कोणाची, रिटच केलेली, एक जुनी प्लेट धरून दाखवली. दोन्ही प्लेटा त्याने स्वतःच्या हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिल्या. माणूस वाईट नव्हता. काळजीपूर्वक बघणारा होता.

"ही कोरी आहे," तो म्हणाला. "म्हणजे त्या आहेत तशाच आहेत."

"आहे तशीच आहे," बाबा म्हणाले. माझ्या आठवणीत बाबांनी एवढ्या हळू आवाजात काही म्हटल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पुढच्या रविवारी तो मुलुंडला आला. ताई त्याच्यासमोर बसली. त्याने फोटो आणला होता, पण तो खिशातून काढला नाही. ताईशी तो नीट बोलला, वाचायला काय आवडतं वगैरे विचारलं. होकार देऊनच तो उठला. आई आत जाऊन रडली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

निघताना दारात त्याने बाबांना बाजूला घेतलं. मी मागेच होते. तो म्हणाला की मला काही अडचण नाही, मी पाहिलंय, मला चालतं. पण गावी आई आहे, भाऊबंद आहेत. ती लग्नाला येऊ शकायची नाहीत, ती लग्नातला फोटोच बघणार. आणि तो फोटो घरात भिंतीवर लागेल, येणारे-जाणारे बघतील.

"तेवढा मात्र स्वच्छ करून द्या," तो म्हणाला. "आता त्यात कोणाची फसवणूक नाही ना?"

कोणाची फसवणूक होती? नवऱ्याला ठाऊक, सासरी जाणारीला ठाऊक. गावच्या म्हातारीला सून चांगली दिसली तर तिचं काय बिघडत होतं? मी मनात हा हिशेब करत होते तेव्हा आतल्या दाराशी ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने हो म्हणावं की नाही, हे तिला कोणी विचारलं नाही.

लग्न साधंच झालं. जोडप्याचा फोटो बाबांनी काढला आणि प्लेट धुऊन, वाळवून, माझ्या मेजावर ठेवून ते बाहेर निघून गेले. ताई चार दिवसांसाठी माहेरी आली होती. मी काम करायला बसले की ती खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसायची. या वेळी मी हातही विसरले नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ओठाजवळचा तो एक राहू दे."

मी विचारलं, कशाला?

"एकच. बारीक आहे, कोणाला कळणार नाही. मला कळेल."

मी तो ठेवला. छाप चेंबूरला गेला आणि चारच दिवसांत परत आला. सोबत चिठ्ठी होती, सभ्य भाषेतली. काम उत्तम झालं आहे, फक्त ओठांजवळ एक डाग नजरचुकीने राहिलेला दिसतो, तेवढा काढावा. ताई तोवर सासरी गेली होती. मी पेन्सिल टोकदार केली आणि तो वण भरला. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दोन महिन्यांनी माझं घाटकोपरला लग्न झालं. मी रिटचिंग सोडलं ते सोडलंच. नवऱ्याने एकदा विचारलं तेव्हा डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलं.

ताईच्या घरी मी गेले की तो फोटो समोरच दिसायचा. कोणी पाहुणा आला की आधी फोटोकडे बघायचा, मग ताईकडे, मग घाईघाईने दुसरीकडे. फोटो नसता तर तिला लोकांनी एकदाच पाहिलं असतं आणि सवय करून घेतली असती. त्या फोटोमुळे प्रत्येक जण तिच्यात काहीतरी हरवलेलं शोधायचा. नवराही. तो तिला बोलला काही नसेल, मारझोड तर नाहीच. पण एकदा मी तिला म्हटलं की उतरव तो फोटो, तर ती म्हणाली, "त्यांना आवडतो. संध्याकाळी आले की आधी त्याच्याकडे बघतात." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

तिला मुलगी झाली. मुलगी दीड वर्षाची असताना ताईला विषमज्वर झाला आणि एकवीस दिवसांनी ती गेली. बाबांना तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. त्यांनी ताईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, गाल, नाक, आणि हात तसेच ठेवून बसून राहिले. शेवटी कोणीतरी त्यांना उठवलं.

ती जायच्या वर्षभर आधीच स्टुडिओ बंद झाला होता. जुन्या प्लेटा गरम पाण्यात सोडा घालून धुतल्या की वरचा थर निघून जातो आणि निव्वळ काच उरते. ती चौकटी बनवणारे घेतात. बाबांना दिसत नव्हतं, आईला त्या ओळखता येत नव्हत्या. सगळ्या एकदम धुतल्या गेल्या. स्थळांकडून परत आलेले जुने फोटो आईने ताईचं लग्न ठरताच जाळून टाकले होते. चेंबूरला पाठवलेला खरा फोटो मी मेहुण्यांकडे मागितला. त्यांनी कपाट, ट्रंक, सगळं शोधलं, माझ्यासमोर शोधलं. सापडला नाही.

भाची मोठी झाली. अकरा-बारा वर्षांची असताना मे महिन्यात माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तिने मला विचारलं की आई कशी होती. मी बरंच सांगितलं. ती कशी चालायची, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून कशी वाचायची. आणि मला वाटलं, हिला ठाऊक असायला हवं, म्हणून मी वणांचंही सांगितलं. फोटोतले मी काढले, हेही सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "पण फोटोत तर काहीच नाही, मावशी."

मी पुन्हा सगळं समजावलं, प्लेट, पेन्सिल, वार्निश. ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला. माझ्यापाशी दाखवायला काहीही नव्हतं. संध्याकाळी तिने कपडे भरले आणि वडिलांकडे जायचंय म्हणाली. चेंबूरला जाऊन तिने वडिलांना विचारलं असावं, कारण त्यांचं मला पत्र आलं. पोरीच्या मनात आईबद्दल काही भरवू नये अशी त्यांनी विनंती केली होती. तिची आई निर्मळ चेहऱ्याची होती, असं त्यांनी लिहिलं होतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांनी त्यांनाही फोटोतलीच दिसत असेल.

मी उलट काही लिहिलं नाही. भाचीचं लग्न झालं, मुलं झाली. आम्ही भेटतो, ती वाकून नमस्कार करते, तब्येत विचारते. आईचा विषय माझ्यापाशी ती काढत नाही. परवा तिच्याकडे गेले होते तेव्हा तिची लहान नात भिंतीवरच्या त्याच फोटोकडे बोट दाखवून मला विचारत होती की ही कोण. मी उत्तर द्यायच्या आत भाचीनेच सांगितलं, "ही माझी आई. फार सुंदर होती."